शून्याच्या खालचे खांब

एसटी स्टँडजवळच्या एखाद्या रसवंतीगृहाचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मेमध्ये चरक दिवसभर थांबत नाही. जूनचा पहिला आठवडा उलटला, पाऊस लागला, की बाकं रिकामी पडतात. पण गाळ्याचं भाडं, विजेचं किमान बिल आणि कायम ठेवलेल्या एका कामगाराचा पगार काही थांबत नाही. म्हणजे वर्षातले काही महिने भरभरून नफ्याचे आणि काही महिने खिशातून घालण्याचे. हा हिशेब बँकेत कर्जासाठी दाखवायचा असेल, किंवा घरातल्या माणसांना समजावून सांगायचा असेल, तर बारा आकड्यांच्या यादीपेक्षा आलेख कितीतरी लवकर बोलतो. मात्र एक्सेलने आपणहून काढून दिलेला आलेख असा हिशेब नीट सांगत नाही. उणे आकड्यांपाशी तो अडखळतो. तो कुठे अडखळतो आणि त्याला कसं सावरायचं, ते एकाच उदाहरणावरून शेवटपर्यंत पाहू.

आकडे उदाहरणापुरते मानलेले आहेत. एक्सेलच्या A कॉलममध्ये महिने, B कॉलममध्ये त्या महिन्याचा निव्वळ नफा किंवा तोटा रुपयांत. पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसऱ्या ओळीपासून मजकूर. एप्रिल 62,000, मे 71,000, जून 9,000. मग जुलै उणे 18,000, ऑगस्ट उणे 22,000, सप्टेंबर उणे 14,000. ऑक्टोबरच्या उन्हाने थोडा हात दिला, 6,000. नोव्हेंबर उणे 3,000, डिसेंबर उणे 8,000, जानेवारी 4,000, फेब्रुवारी 27,000 आणि मार्च 48,000. वर्षाची बेरीज 1,62,000 रुपये नफा. सात महिने नफ्याचे, पाच तोट्याचे.

हे लिहिताना एक काळजी घ्यायची. तोट्याचा आकडा हा खराखुरा आकडा असायला हवा. सेलमध्ये कुणी ‘-18,000 रु.’ असं लिहिलं, तर एक्सेलच्या लेखी तो मजकूर होतो आणि आलेखात त्याची किंमत शून्य धरली जाते. खांबच उगवत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं की जुलै ना नफा ना तोटा असा गेला. ओळखायची खूण सोपी आहे. मुद्दाम बदललेलं नसेल, तर आकडा सेलच्या उजव्या कडेला टेकतो आणि मजकूर डाव्या कडेला. तोटा कंसात लिहायची सवय असलेल्यांनी (18000) असं टाइप केलं तरी चालतं, एक्सेल त्याला उणे 18,000 असंच समजतो. ‘रु.’ मात्र शीर्षकात लिहावं, सेलमध्ये नाही.

आता A1 ते B13 निवडा, Insert टॅबवर जा आणि उभ्या खांबांचा साधा आलेख, म्हणजे Clustered Column, काढा. क्षणात आलेख येतो. नफ्याचे खांब शून्यापासून वर, तोट्याचे शून्यापासून खाली. इथवर सगळं बरोबर आहे. पण दोन गोष्टी खटकतात. पहिली, सगळे खांब एकाच रंगाचे आहेत. मे महिन्याचा निळा आणि ऑगस्टचा निळा अगदी सारखा. दुसरी, महिन्यांची नावं शून्याच्या रेषेखाली लिहिलेली आहेत आणि तोट्याचे खांब नेमके तिथूनच खाली उतरतात. त्यामुळे ‘जुलै’, ‘ऑगस्ट’, ‘सप्टेंबर’ ही नावं खांबांच्या अंगावर पडतात. गडद खांबावर काळी अक्षरं वाचता येत नाहीत. जे महिने सर्वांत आधी ओळखू यायला हवेत, नेमकी त्यांचीच नावं झाकली जातात.

नावांचा घोळ आधी सोडवू, कारण तिथे चुकीचा रस्ता अगदी समोर आहे आणि पुष्कळ जण त्याच रस्त्याने जातात.

नावं तिथे का पडतात? एक्सेलच्या आलेखात आडवा अक्ष उभ्या अक्षाला कुठेतरी छेदतो. आपण काही सांगितलं नाही तर तो शून्यावर छेदतो. आणि अक्षावरची नावं कुठे लिहायची याबद्दलही आपण काही सांगितलेलं नसतं, म्हणून ती अक्षाला चिकटून, त्याच्या खाली लिहिली जातात. सगळे आकडे अधिक असतात तेव्हा शून्य तळाशीच असतं, म्हणून हे कधी जाणवत नाही. एक आकडा उणे आला की शून्य तळ सोडून वर सरकतं, आणि नावं त्याच्या मागोमाग वर येतात.

इथे ध्यानात घ्यायची गोष्ट एवढीच, की अक्षाची रेषा आणि अक्षावरची नावं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक्सेल त्यांना वेगवेगळं हलवू देतो. रेषा शून्यावरच राहायला हवी. हलवायची ती फक्त नावं.

चुकीचा रस्ता असा. माणूस उभ्या अक्षावर डबल क्लिक करतो. उजवीकडे उघडलेल्या पट्टीत Horizontal axis crosses असं दिसतं. त्याखालच्या Axis value समोर तो -40000 लिहितो, आणि नावं झटकन तळाशी जातात! काम झाल्यासारखं वाटतं. पण नावांबरोबर अक्षही तळाशी गेलेला असतो, आणि एक्सेलमध्ये खांब अक्षापासून उभे राहतात. जमिनीवर इमारत आणि जमिनीखाली विहीर असताना जमिनीची पातळीच विहिरीच्या तळापर्यंत खाली घ्यावी, तसं हे होतं. विहीर उरतच नाही. सगळं उभं दिसू लागतं.

आपल्या हिशेबात त्याने काय उलथापालथ होते ते पाहा. ऑगस्टचा तोटा 22,000. उणे 40,000 पासून मोजलं तर त्याचा खांब 18,000 उंचीचा आणि वर जाणारा. नोव्हेंबरचा तोटा फक्त 3,000, पण त्याचा खांब 37,000 उंचीचा, ऑगस्टच्या दुप्पट. म्हणजे तोटा जितका कमी तितका खांब उंच. नफ्याच्या महिन्यांचंही तसंच. मे महिन्यात जूनच्या जवळजवळ आठपट नफा झाला होता, 71,000 आणि 9,000. नव्या आलेखात त्यांची उंची 1,11,000 आणि 49,000 होते, म्हणजे मे जूनच्या सव्वादोन पटच दिसतो. आलेखात एकही आकडा चुकीचा लिहिलेला नाही आणि तरी आलेख खोटं सांगतो. बँकेतल्या अधिकाऱ्यासमोर असा कागद गेला, तर तो वरवर पाहून हे दुकान बाराही महिने नफ्यात आहे असंच समजेल, आणि नंतर आकडे वाचल्यावर हिशेब देणाऱ्याबद्दल शंका घेईल. हे ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो. हिशेबात तोटा आहे, मग आलेखात खाली जाणारा खांब कुठे आहे? तो दिसत नसेल तर अक्ष हललेला आहे. Horizontal axis crosses पुन्हा Automatic वर न्या.

बरोबर रस्ता आडव्या अक्षातून जातो. महिन्यांच्या नावांपैकी एखाद्या वाचता येणाऱ्या नावावर उजवं क्लिक करून Format Axis निवडा. नावं खांबांमागे दडली असतील आणि क्लिक नेमकं लागत नसेल, तर आलेख निवडून वरच्या Format टॅबवर जा. तिथे डाव्या टोकाला एक यादी असते, तीत Horizontal (Category) Axis निवडा आणि तिच्याखालच्या Format Selection वर क्लिक करा. उजवीकडच्या पट्टीत Labels हा भाग उघडा. त्यात Label Position समोर Next to Axis असं लिहिलेलं असेल. ते बदलून Low करा.

बाराही नावं आलेखाच्या तळाशी, एका ओळीत जातात. शून्याची रेषा जिथल्या तिथे राहते, खांब वर-खाली जसे होते तसेच राहतात. त्याच यादीतलं High निवडलं तर नावं माथ्यावर जातात. जवळजवळ सगळेच महिने तोट्याचे असतील तर तेही उपयोगी पडतं. शेजारी Distance from axis नावाची एक चौकट असते. नेहमी तिच्यात 100 हा आकडा असतो. तो वाढवून नावं थोडी खाली ढकलता येतात, पण तोट्याच्या खांबांखालून नावं बाहेर काढायचा तो उपाय नव्हे. ते काम Low चंच.

नावं तळाशी गेल्यावर शून्याची रेषा एकटी पडते. ती ठळक करावी, कारण आता वर काय आणि खाली काय हे तीच सांगते. त्याच आडव्या अक्षाच्या पट्टीत रंगाच्या डब्याच्या चित्रावर क्लिक करून Line मध्ये Solid line निवडा, रंग गडद आणि जाडी 1.5 पॉइंट ठेवा. मागच्या आडव्या रेघा त्या मानाने फिकट हव्यात.

उभ्या अक्षावरच्या आकड्यांकडेही एकदा पाहा. आपल्या हिशेबाला एक्सेल साधारणतः उणे 40,000 ते 80,000 अशी पट्टी धरतो, 20,000 च्या टप्प्यांनी. खाली जागा फार मोकळी वाटते म्हणून कुणी Minimum ला -30000 लिहितो. पण टप्पे किमान आकड्यापासून मोजले जातात. मग अक्षावर उणे 30,000, उणे 10,000, 10,000, 30,000 असे आकडे येतात आणि त्यांत शून्यच नसतं! नफा-तोट्याच्या आलेखात शून्य न लिहिलेलं असणं फार वाईट. किमान आकडा कमी करायचाच असेल तर टप्पा, म्हणजे Major, 10000 करा. किमान आकड्याला टप्प्याने पूर्ण भाग गेला पाहिजे, एवढं सांभाळलं की शून्य हरवत नाही.

आता रंग.

सगळ्यात आधी सुचणारी युक्ती म्हणजे तोट्याचा एकेक खांब निवडून तो हाताने लाल करणं. एका क्लिकने सगळे खांब निवडले जातात, दुसऱ्या क्लिकने फक्त तो एक, मग रंग भरायचा. पाच खांबांसाठी फार वेळ लागत नाही आणि आलेख दिसतोही छान. अडचण पुढे येते. हा रंग आकड्याला चिकटत नाही, जागेला चिकटतो. चौथा खांब लाल, एवढंच एक्सेल लक्षात ठेवतो. पुढच्या वर्षी त्याच फाइलमध्ये नवे आकडे भरले आणि जुलैत पाऊस उशिरा आल्यामुळे नफा झाला, तरी जुलैचा खांब वर जाऊन लालच राहणार. किंवा महिने नफ्याच्या उतरत्या क्रमाने लावले, तर चौथ्या जागी फेब्रुवारी येईल आणि 27,000 चा नफा लाल दिसेल. दरवर्षी तीच फाइल वापरायची असेल तर हाताने रंगवू नये.

आकड्याच्या चिन्हावरून रंग ठरवण्याची सोय एक्सेलमध्येच आहे. कोणत्याही खांबावर एकदा क्लिक करा, सगळे निवडले जातील. उजवं क्लिक करून Format Data Series उघडा, रंगाच्या डब्याचं चित्र निवडा आणि Fill चा भाग पाहा. तिथे Invert if negative अशी एक चौकट आहे. तिच्यावर लगेच टिक करू नका. आधी Solid fill निवडा आणि मग टिक करा. आता Color समोर एकाऐवजी दोन रंगांची बटणं दिसतील. पहिलं नफ्याचं, दुसरं तोट्याचं. दोन्हींत हवे ते रंग भरले की पाचही तोट्याचे खांब एकदम रंग बदलतात, आणि उद्या आकड्याचं चिन्ह बदललं तर रंगही आपोआप बदलतो.

क्रमाचा एवढा आग्रह यासाठी, की रंग Automatic वर असताना टिक केली तर दुसऱ्या रंगाचं बटण येतच नाही आणि तोट्याचे खांब पांढरे होतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा खांब, कडेची रेघ नाही. तोट्याचे महिने आलेखातून चक्क नाहीसे होतात. अशा वेळी घाबरून आकडे तपासत बसण्याआधी शून्याखालच्या मोकळ्या जागेत क्लिक करून पाहावं. खांबांच्या कोपऱ्यांवर निवडीचे ठिपके उमटले तर खांब आहेत, फक्त पांढरे झाले आहेत.

या पांढऱ्या खांबांना एक इतिहासही आहे. एक्सेल 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने आलेखांची सगळी यंत्रणा नव्याने बांधली. त्या आवृत्तीत एकरंगी खांब उलटवले की ते पांढरेच होत आणि दुसरा रंग निवडायला जागाच नव्हती. 2010 च्या आवृत्तीत दुसऱ्या रंगाचं बटण आलं. पण तो दुसरा रंग फाइलमध्ये मूळ वर्णनाला पुरवणी म्हणून साठवला जातो. त्यामुळे आज केलेला आलेख एखाद्याने 2007 मध्ये किंवा ती पुरवणी न वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडला, तर दुसरा रंग दिसेलच याचा भरवसा नाही. फाइल पुष्कळ हातांतून जाणार असेल, तर मी ही सोय वापरत नाही. आलेख पीडीएफ करून पाठवायचा असेल तर मात्र ती उत्तम.

पुष्कळ हातांतून जाणाऱ्या फाइलसाठी जुना, पक्का उपाय म्हणजे नफा आणि तोटा वेगळ्या कॉलममध्ये ठेवणं. C1 मध्ये ‘नफा’ आणि D1 मध्ये ‘तोटा’ लिहा. मग C2 आणि D2 मध्ये अनुक्रमे ही दोन सूत्रं:

```
=MAX(B2,0)
=MIN(B2,0)
```

पहिलं सूत्र नफा असेल तर तो आकडा देतं, तोटा असेल तर शून्य. दुसरं त्याच्या उलट. दोन्ही तेराव्या ओळीपर्यंत खाली ओढा. A कॉलम निवडून, Ctrl दाबून ठेवून C आणि D कॉलम निवडा आणि पुन्हा उभ्या खांबांचा आलेख काढा. आता दोन मालिका आहेत, दोन रंग आपोआप आले, आणि कोणत्याही मालिकेचा रंग बदलणं हे साधं काम झालं.

एक गोष्ट फक्त नीट करावी लागते. एक्सेल दोन मालिकांचे खांब शेजारीशेजारी उभे करतो आणि शून्याच्या खांबासाठीही जागा राखतो, म्हणून नफ्याचे खांब थोडे डावीकडे आणि तोट्याचे थोडे उजवीकडे सरकलेले दिसतात. Format Data Series मध्ये Series Overlap 100 टक्के करा, म्हणजे दोन्ही एकाच जागेवर येतील. Gap Width साठसत्तर टक्के ठेवला की खांबांना पुरेशी रुंदी मिळते. नावं तळाशी नेण्यासाठी Low इथेही लागतंच.

खांबांवर आकडे लिहायचे असतील तर या पद्धतीत प्रत्येक महिन्यावर एक जास्तीचं ‘0’ येतं, कारण नफ्याच्या महिन्यात तोट्याची मालिका शून्य असते. आकड्यांवर क्लिक करून Format Data Labels उघडा, Number च्या भागात Format Code समोर हे लिहा आणि Add करा:

```
#,##0;-#,##0;
```

पहिला भाग अधिक आकड्यांसाठी, दुसरा उणे आकड्यांसाठी, आणि शेवटच्या अर्धविरामानंतर काहीच नाही, म्हणजे शून्य असेल तिथे काही लिहू नये.

या पद्धतीचा मला सर्वांत आवडणारा फायदा रंगांच्या खुलाशाचा आहे. दोन मालिका असल्यामुळे आलेखाच्या कोपऱ्यात ‘नफा’ आणि ‘तोटा’ असे दोन शब्द आपापल्या रंगासह उमटतात. Invert if negative वापरलं तर मालिका एकच राहते, म्हणून दुसऱ्या रंगाचा अर्थ खुलाशात येत नाही. तो शीर्षकात शब्दांनी सांगावा लागतो.

तोट्याला वेगळा रंग देण्याची कल्पना आलेखांच्या जन्माइतकीच जुनी आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये व्यापाराच्या आलेखांचं एक पुस्तक काढलं. स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा पट्ट्यांचा आलेख त्यातच आहे. त्याच पुस्तकात इंग्लंडच्या डेन्मार्क-नॉर्वेशी असलेल्या व्यापाराचा एक आलेख आहे. आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी. आयात जास्त होती त्या वर्षांत दोन रेषांमधली जागा एका रंगाने भरली आणि त्यावर शिल्लक इंग्लंडच्या विरुद्ध असल्याचं लिहिलं. अठराव्या शतकाच्या मध्याला रेषा एकमेकींना ओलांडतात, आणि पुढची जागा दुसऱ्या रंगाची, शिल्लक बाजूने असल्याची. आकडे न वाचताही काय घडलं ते कळतं.

कोणता रंग घ्यावा? आपल्याकडे तोटा लाल आणि नफा हिरवा हे टीव्हीवरच्या शेअर बाजारामुळे रूढ झालं आहे, पण चीन आणि जपानच्या बाजारांत चढता भाव लाल दाखवतात. म्हणजे रंगाचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. त्याहून मोठी अडचण डोळ्यांची आहे. लाल आणि हिरव्यातला फरक नीट न जाणवणारे लोक बरेच असतात, आणि त्यांत पुरुषांचं प्रमाण स्त्रियांपेक्षा खूपच जास्त आहे. म्हणून नफ्याला निळा आणि तोट्याला नारिंगी ही जोडी मला जास्त बरी वाटते. कागद झेरॉक्स होणार असेल तर एक रंग गडद आणि दुसरा फिकट घ्यावा. सारख्याच गडदपणाचे लाल आणि हिरवा झेरॉक्समध्ये एकाच राखाडी रंगाचे होतात.

नावांसाठी आणखी एक मांडणी आहे, आणि ती सुंदर दिसते. Low मध्ये सगळी नावं तळाशी जातात, पण मग ‘मे’ हा शब्द आणि मे महिन्याचा खांब यांच्यात बरंच अंतर पडतं. त्याऐवजी प्रत्येक नाव शून्याच्या रेषेजवळच ठेवायचं, पण खांबाच्या विरुद्ध बाजूला. खांब वर जात असेल तर नाव रेषेखाली, खांब खाली जात असेल तर नाव रेषेवर. एक्सेलमध्ये यासाठी तयार बटण नाही, पण एक अदृश्य मालिका घालून ते साधता येतं. E1 मध्ये ‘नावे’ लिहा आणि E2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=IF(B2<0,20000,-20000)
```

म्हणजे तोट्याच्या महिन्याला 20,000 चा वर जाणारा खांब आणि नफ्याच्या महिन्याला तेवढाच खाली जाणारा. ही तिसरी मालिका आलेखात घ्या. ओव्हरलॅप 100 असल्यामुळे ती त्याच जागेवर, पण विरुद्ध दिशेला उभी राहते. तिच्या खांबांवर क्लिक करून Add Data Labels करा. Format Data Labels मध्ये Value वरची टिक काढा, Category Name वर टिक करा आणि Label Position समोर Inside Base निवडा. नाव खांबाच्या मुळाशी, म्हणजे शून्याच्या रेषेला लागून येतं. आता त्या मालिकेला No fill द्या, खुलाशातलं ‘नावे’ हे नाव निवडून Delete करा, आणि आडव्या अक्षाच्या Label Position ला None करा, नाहीतर नावं दोनदा येतील. 20,000 हा आकडा मी या हिशेबापुरता घेतला. अदृश्य खांब खऱ्या आकड्यांच्या मर्यादेत राहायला हवा, नाहीतर त्याच्यासाठी अक्ष उगाच लांबेल.

ही मांडणी मी महिन्यांसाठी सहसा वापरत नाही. महिने क्रमाने वाचायचे असतात, आणि नावं वर-खाली उड्या मारू लागली की तो क्रम डोळ्याला सलग मिळत नाही. तिथे Low च बरं. पण रसवंतीऐवजी एखाद्या किराणा दुकानातल्या वस्तूंचा किंवा शेतातल्या पिकांचा नफा-तोटा दाखवायचा असेल, तर ती फार शोभते. तिथे आडव्या पट्ट्या घ्याव्यात, कारण ‘उन्हाळी भुईमूग’ किंवा ‘खरीप सोयाबीन’ अशी लांब नावं उभ्या खांबांखाली तिरकी होतात. आडव्या पट्ट्यांतही कृती हीच आहे, फक्त वर-खालीच्या जागी डावं-उजवं होतं.

आडव्या पट्ट्यांत मात्र एक गोष्ट नक्की चकवते. तक्त्यातली पहिली ओळ आलेखात सर्वांत खाली जाते. क्रम सरळ करायला नावांच्या अक्षाच्या Format Axis मध्ये Categories in reverse order वर टिक करावी लागते. ती केली की रुपयांचे आकडे तळाऐवजी माथ्यावर जातात. त्याच पट्टीत Horizontal axis crosses समोर At maximum category निवडलं की ते परत खाली येतात. हा छेद नावांच्या अक्षावरचा आहे, शून्यावरचा नाही, म्हणून त्याने पट्ट्यांच्या लांबीला धक्का लागत नाही.

आलेख कुणाच्या हाती देण्याआधी तो एकदा तपासून घ्यावा. B5 मध्ये, म्हणजे जुलैच्या सेलमध्ये, उणे 18,000 च्या जागी 18000 टाका. जुलैचा खांब वर उसळला पाहिजे, त्याचा रंग नफ्याचा झाला पाहिजे आणि अदृश्य मालिका वापरली असेल तर नाव रेषेच्या खाली गेलं पाहिजे. खांब वर गेला पण रंग तोट्याचाच राहिला, तर तो खांब कुणीतरी पूर्वी हाताने रंगवलेला आहे. त्या खांबावर उजवं क्लिक करून Reset to Match Style दिलं की हाताचा रंग निघून जातो. मग ती मालिका पुन्हा वर सांगितल्याप्रमाणे रंगवावी आणि Ctrl+Z ने नव्हे, तर B5 मध्ये -18000 पुन्हा टाइप करून मूळ आकडा परत आणावा, कारण Ctrl+Z मागे जाताना रंगाची दुरुस्तीही पुसून टाकतो.